सुपरमार्केटच्या गल्लीचं रेंडर: किंमतपट्ट्या दिसत नाहीत आणि माणसं चिकटवल्यासारखी वाटतात

निळी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. एका रिटेल साखळीसाठी नव्या मांडणीच्या दुकानाची तीन स्थिरचित्रं करतेय. मॉडेल ब्लेंडरमध्ये, रेंडर सायकल्समध्ये. दोन्ही बाजूंना शेल्फ, मध्ये २.१ मीटर रुंद गल्ली, गल्लीची लांबी १४ मीटर. कॅमेरा गल्लीच्या मधोमध, जमिनीपासून १.५ मीटरवर, लेन्स २४ मिमी, सेन्सर ३६ मिमी, चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल.

पहिला मसुदा पाठवला. त्यावर तीन शेरे आले. "शेल्फच्या रांगा छान." "किंमतीचे विभाग कुठे आहेत ते कळत नाही." "माणसं नंतर आणून ठेवल्यासारखी दिसतात."

त्यांना विभाग तीन प्रकारचे दाखवायचे आहेत: नेहमीची किंमत, सवलतीची किंमत आणि नव्याने आलेला माल. प्रत्येकाच्या पट्टीचा रंग वेगळा. पट्ट्या मी नीट मॉडेल केल्यात, ३९ मिमी उंच रेल आणि त्यात ६० मिमी रुंद कार्डं. प्रत्येक पाकिटाखाली एक कार्ड आहे. जवळ जाऊन पाहिलं तर आकडे स्वच्छ दिसतात. पण पूर्ण चित्रात सगळ्याची पांढुरकी रेघ होते. सॅम्पल्स ५१२ वरून २०४८ केले, काही फरक नाही.

माणसं स्कॅन केलेल्या संग्रहातली आहेत, एकूण १४. दर्जा चांगला आहे, तरी खोटी वाटतात. नेमकं कुठे चुकतंय?

झपझप

सॅम्पल्सचा प्रश्न नाही हा, रिझोल्यूशनचा आहे. ३८४० वर इतकी बारीक अक्षरं येणारच नाहीत. ७६८० वर रेंडर कर, मग खाली आण. आणि मालाला रँडम रोटेशन दे, दहा-बारा अंशांपर्यंत. सगळं एका रेषेत असलं की संगणकावर केलेलं आहे हे लगेच कळतं. माणसांचंही तेच, सगळं थोडं विस्कटून टाक.

कडेवरचा_प्रकाश

झपझप, रिझोल्यूशन हे एक कारण आहे, पण मुख्य नाही. निळी_पेन्सिल, आधी एक साधा हिशोब करून पाहा. तो केला की चित्रात काय दिसू शकतं आणि काय दिसणं शक्यच नाही हे तुमच्यापुढे येईल.

शेल्फचा दर्शनी भाग गल्लीला समांतर आहे आणि तुम्ही गल्लीच्या टोकाकडे बघताय. म्हणजे कार्डाची उंची तुम्हाला सरळ दिसते, पण रुंदी तिरक्या कोनातून दिसते. अंतर वाढलं की उंची त्या प्रमाणात कमी होते, रुंदी मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. सूत्र असं:

```
F = W * f / S          # 3840 * 24 / 36 = 2560
h_px = F * h / z
w_px = F * x * w / z^2
```

इथे z म्हणजे कॅमेऱ्यापासून गल्लीच्या दिशेने पुढचं अंतर आणि x म्हणजे कॅमेऱ्यापासून शेल्फपर्यंतचं आडवं अंतर. तुमच्याकडे x १.०५ मीटर आहे. दोन मीटरवरचं कार्ड साधारण ५० पिक्सेल उंच आणि ४० पिक्सेल रुंद येतं, म्हणजे आकडे जेमतेम वाचता येतील. चार मीटरवर तेच कार्ड २५ पिक्सेल उंच, पण रुंदीला फक्त १०. सहा मीटरवर रुंदी साडेचार. चार आकडे साडेचार पिक्सेलमध्ये कुठलंही रेंडर इंजिन बसवू शकणार नाही. म्हणून सॅम्पल्स वाढवून काही झालं नाही.

आता झपझप म्हणतात तसं ७६८० करू. सगळं दुप्पट होईल. पण रुंदी वर्गाने घटते, त्यामुळे आकडे वाचता येण्याची हद्द दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १.४ पट वाढते. दोन मीटरची हद्द पावणेतीन-तीन मीटरवर जाते. गल्ली १४ मीटरची आहे. चौपट रेंडरवेळ देऊन तुम्ही ऐंशी सेंटिमीटर मिळवलेत.

झपझप

हे वर्गाचं लक्षातच आलं नव्हतं. मी आजवर भिंतीवरचे फलक समोरून दाखवणारी चित्रं केली, तिथे रिझोल्यूशन दुप्पट केलं की अंतरही दुप्पट मिळायचं. म्हणून तसं म्हटलं. मालाच्या रोटेशनवर मात्र मी ठाम आहे.

आकडेमोड_२

मी हेच काम करतो, दोन वर्षं झाली. माझ्या मते चित्राऐवजी दुकानाचा नकाशा घ्या, त्यावर ग्राहक कुठे किती वेळ थांबतात ते लाल-पिवळ्या रंगात दाखवा आणि शेल्फच्या रांगांना क्रमांक द्या. किंमतीचे विभाग बाजूच्या तक्त्यात. व्यवस्थापनाला तेच वाचायला सोपं जातं. माणसांची आकृती काढायची गरजच नाही.

निळी_पेन्सिल

आकडेमोड, तुम्ही विदा दाखवण्याबद्दल बोलताय. माझं काम दुकान बांधण्याआधी ते कसं दिसेल याचं चित्र करण्याचं आहे. तरी तुमच्या पोस्टमधून एक प्रश्न सुचला. जुन्या दुकानात लोक गल्लीत नेमके कुठे थांबतात हे तुम्हाला माहीत असेल, तर माझी माणसं मी तिथेच उभी करू शकते. सध्या मी ती जिथे जागा रिकामी दिसली तिथे ठेवली आहेत.

कडेवरचा_प्रकाश, तुमचा हिशोब करून पाहिला, माझ्या चित्रात अगदी तसंच येतंय. म्हणजे या कोनातून किंमत दाखवणं अशक्यच का?

आकडेमोड_२

अच्छा, माझा गैरसमज झाला. थांबण्याबद्दल विचारलंत तर सांगतो. मी पाहिलेल्या दुकानांमध्ये गल्लीच्या तोंडाशी लोक फार थांबत नाहीत, चालतच आत येतात. चालण्याचा वेग कमी होतो तो दोन-तीन पावलं आत आल्यावर. आणि थांबलेला माणूस मध्यरेषेवर क्वचितच असतो. तो शेल्फला खेटून असतो, मधली जागा दुसऱ्याला जायला मोकळी राहते. प्रत्येक दुकानात असंच असेल असा दावा करत नाही.

कडेवरचा_प्रकाश

आकडे दाखवणं जवळजवळ अशक्य, विभाग दाखवणं शक्य. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि तुमच्या क्लायंटने त्या एकाच वाक्यात सांगितल्या आहेत.

विभाग म्हणजे रंगाचा सलग पट्टा. त्याला अक्षरं लागत नाहीत. सहा मीटरवरही रेल १६-१७ पिक्सेल उंच असते आणि एवढा जाड रंगीत पट्टा डोळ्याला सहज दिसतो. तुमची पांढुरकी रेघ होतेय ती कार्डाची पार्श्वभूमी पांढरी आणि फक्त अक्षरं रंगीत असल्यामुळे, असा माझा अंदाज. दुरून पाहताना अक्षर आणि कागद यांची सरासरी होते. रंग कार्डाच्या मागच्या रेलला द्या, कार्ड पांढरं राहू द्या. मग दुरून रंग आणि जवळून आकडा.

दुसरं साधन म्हणजे शेल्फच्या कडेपासून गल्लीत काटकोनात बाहेर येणारा छोटा फलक, झेंडीसारखा. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे वर्गाची घट त्याला लागत नाही. दहा सेंटिमीटर रुंदीची झेंडी चार मीटरवर ६४ पिक्सेल, आठ मीटरवरही ३२ पिक्सेल. एखादं चिन्ह किंवा दोन आकडे तिथे आरामात मावतात.

पण झेंड्या दाट लावू नका. दर मीटरला एक लावलीत तर साधारण साडेनऊ मीटरच्या पुढे मागची झेंडी पुढचीच्या आड जायला लागते. दर अर्ध्या मीटरला लावलीत तर पावणेपाच मीटरपासूनच सगळ्यांची एक भिंत होते आणि खालची रेल झाकली जाते.

मालाची_मांडणी

मी रेंडर वगैरे करत नाही. सुपरमार्केटमध्ये शेल्फ लावण्याचं काम बरीच वर्षं केलंय, आता तेच शिकवते. हा धागा मुलीने दाखवला म्हणून लिहितेय.

निळी_पेन्सिल, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. "प्रत्येक पाकिटाखाली एक कार्ड." असं कुठल्याही दुकानात नसतं, बाळा. एकाच मालाची चार पाकिटं शेजारी-शेजारी लागली असतील तर त्या चौघांना मिळून एकच कार्ड. आम्ही ते त्या मालाच्या डाव्या कडेखाली लावायचो, म्हणजे माल कुठे सुरू होतो ते कार्डावरून कळतं आणि पुढचं कार्ड आलं की आधीचा माल संपला. म्हणून कार्डांमधलं अंतर कधी सारखं नसतं. कुठे वीस सेंटिमीटर, कुठे साठ. तुमच्या चित्रात सारख्या अंतरावर कार्डं असतील तर ज्यांनी दुकान चालवलंय त्यांना ते चुकीचं वाटणारच, कारण सांगता आलं नाही तरी.

आणि झेंडीबद्दल. फार खाली लावू नका, ट्रॉलीचा कोपरा लागून वाकते. आम्ही कंबरेच्या वर आणि खांद्याच्या खाली लावायचो, तीही लवचिक प्लास्टिकची. खांद्याच्या उंचीवरची कडक झेंडी लोकांच्या दंडाला लागते. दुकानात जे लावता येणार नाही ते चित्रात दाखवलं तर पुढे त्यावरून वाद होतो.

निळी_पेन्सिल

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. कार्डांच्या सारख्या अंतरामुळेच ती एकसंध रेघ होतेय, हे आत्ता समजलं. आता मी आधी मालाचे गट ठरवते, प्रत्येक गटाची रुंदी काढते आणि कार्ड त्या गटाच्या डाव्या कडेला बांधते. जॉमेट्री नोड्समध्ये हे उलट्या क्रमाने केलं होतं, आधी कार्डांची रांग आणि मग त्यावर माल.

शेल्फच्या फळ्यांबद्दलही विचारायचं होतं. मी पाच फळ्या सारख्या अंतरावर ठेवल्या आहेत. तेही चुकीचं का?

मालाची_मांडणी

फळ्या खांबाच्या खाचांमध्ये अडकतात आणि खाचा ठरावीक अंतरावर असतात. आमच्याकडे पाच सेंटिमीटरला एक खाच होती. म्हणजे फळी कुठेही बसत नाही, खाचेवरच बसते. पण दोन फळ्यांमधलं अंतर मालाच्या उंचीवर ठरतं, त्यामुळे शेजारच्या दोन खणांच्या फळ्या एका रेषेत असतीलच असं नाही. खालचा माल मोठा आणि जड, म्हणून खालचं अंतर जास्त. सगळ्यात खालची फळी वरच्यांपेक्षा पुढे आलेली असते, आमच्या शेल्फात दहा सेंटिमीटर. त्या खालच्या रेलवरचं कार्ड वरच्या बाजूला थोडं कललेलं असायचं, नाहीतर उभ्या माणसाला ते वाचता येत नाही.

माल तिरका लावण्याबद्दल ते दादा म्हणाले. दहा-बारा अंश तिरकं पाकीट दिसलं तर आमचे पर्यवेक्षक लगेच सरळ करायला लावायचे. सकाळी सगळा माल पुढच्या कडेशी ओढून सरळ केलेला असतो. दिवसभरात बिघडतं ते सगळीकडे सारखं बिघडत नाही. जिथून माल उचलला जातो तिथे पुढचं एक-दोन पाकीट नसतं, मागचं आत दिसतं. एखादं अर्धवट उचलून परत ठेवलेलं असतं. बाकीची रांग सरळच.

झपझप

ताई, मान्य. म्हणजे विस्कळीतपणा सगळीकडे पसरायचा नाही, ठरावीक ठिकाणी गोळा करायचा. मग माझ्याही जुन्या एका कामात हीच चूक आहे. औषधांच्या दुकानाचं चित्र होतं, मी प्रत्येक बाटली फिरवली होती आणि क्लायंटने "दुकान अस्ताव्यस्त वाटतं" म्हणून परत पाठवलं. तेव्हा मी प्रकाशाला दोष दिला.

निळी_पेन्सिल, दोन-तीन अंश ठेव, तेवढ्याने कडेवरच्या चकाकीत फरक पडतो आणि रांग सरळच दिसते.

कडेवरचा_प्रकाश

बरोबर, दोन-तीन अंश पुरे.

आता माणसं. निळी_पेन्सिल, पहिली तपासणी क्षितिजरेषेची. कॅमेरा १.५ मीटरवर आहे आणि जमीन सपाट आहे. मग चित्रातल्या क्षितिजरेषेने प्रत्येक माणसाला जमिनीपासून १.५ मीटरवरच कापलं पाहिजे, तो दोन मीटरवर असो की बारा. साधारण उंचीच्या प्रौढ माणसाचे डोळे याच पट्ट्यात येतात. चित्रावर एक आडवी रेघ काढा आणि सगळ्यांची डोकी पाहा. एखाद्याची हनुवटी रेघेच्या वर असेल तर तो फार उंच असू शकतो किंवा त्याचे पाय जमिनीवर नाहीत. स्कॅन केलेल्या मॉडेलांचं मोजमाप आयात करताना बिघडतं, आणि ते एकेक पाहताना कळत नाही.

दुसरी तपासणी पायांची. सुपरमार्केटमध्ये दिव्यांच्या लांब ओळी वर असतात, त्यामुळे सावली लांब पडत नाही, बुटाभोवती मऊ गडद डाग होतो. तो डाग नसेल तर माणूस तरंगतो. तुमच्या माणसांचे तळवे जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर असतील तरी तो डाग फिका पडतो. चकचकीत फरशीत त्यांचं प्रतिबिंबही तुटतं.

निळी_पेन्सिल

रेघ काढली. १४ पैकी तिघांची हनुवटी रेघेवर. त्यांचं मोजमाप १.०८ पट निघालं, आयात करतानाच आलं असणार. पायांचंही तुम्ही म्हणता तसंच, सहा जण तरंगत होते.

हे सगळं दुरुस्त केलं. बरं झालं, पण अजून "आणून ठेवलेली" वाटतातच.

मालाची_मांडणी

ती काय करतायत?

निळी_पेन्सिल

म्हणजे... उभी आहेत. काही चालतायत. दोघी एकमेकींशी बोलतायत, एक जण फोन बघतोय.

मालाची_मांडणी

दुकानात माणूस माल बघायला आलेला असतो. मान शेल्फकडे वळलेली, नजर कुठल्यातरी एका फळीवर. खालच्या फळीवरचं बघणारा कंबरेतून वाकतो किंवा बसतो. कार्ड वाचणारा जवळ जातो, हातभर अंतरावर. ट्रॉली त्याच्या मागे किंवा बाजूला शेल्फला लावून ठेवलेली असते, हात तिच्यावर असेलच असं नाही. तुमच्या माणसांमध्ये शेल्फकडे बघणारे किती?

निळी_पेन्सिल

दोन.

कडेवरचा_प्रकाश

ताईंनी नेमकं पकडलं. आणि इथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. तुमच्या हिशोबाप्रमाणे गल्लीचे तीन टप्पे होतात. कॅमेऱ्यापासून तीन मीटरपर्यंतचा पहिला टप्पा, त्यात दोनेक मीटरवरची कार्डं जेमतेम वाचता येतात. तिथे माणूस उभा केलात तर जी एकमेव वाचता येणारी कार्डं आहेत तीच झाकली जातात. तीन ते नऊ मीटरमध्ये आकडे वाचता येत नाहीत, पण रंगाचा पट्टा आणि झेंड्या दिसतात. माणसांची जागा ही. नऊच्या पुढे सगळं एकमेकांत मिसळतं, तिथे एखादी पाठमोरी आकृती पुरेशी.

१४ माणसं फार होतात. १४ मीटरच्या गल्लीत पाच ठेवा. त्यातली तीन मधल्या टप्प्यात, तीही एकाच बाजूला नकोत. आणि निदान एकाचा हात मालापर्यंत पोहोचलेला असावा. त्याच्या हाताच्या उंचीवर खरोखरच फळी असली पाहिजे आणि त्याने उचललेलं पाकीट शेल्फातून गायब झालेलं असलं पाहिजे. ताई म्हणाल्या ती रिकामी जागा तिथेच येते. माणूस आणि शेल्फ यांना जोडणारी एवढी एक खूण असली की बाकीचे चार जण फक्त उभे असले तरी चालतं.

पारदर्शक

उशिरा येतोय. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. डिनॉइझर. निळी_पेन्सिल, तुम्ही २०४८ सॅम्पल्सवर डिनॉइझर चालू ठेवला होता का? तो बारीक अक्षरांना गोंगाट समजून पुसू शकतो. तीन मीटरच्या आतली कार्डंसुद्धा त्यामुळे जाऊ शकतात.

मी असं करतो. `Diffuse Color` पास वेगळा काढतो. त्यात प्रकाशाचा गोंगाट नसतो, फक्त पृष्ठभागाचा रंग असतो, म्हणून अक्षरं स्वच्छ येतात. डिनॉइझर फक्त `Diffuse Direct` आणि `Diffuse Indirect` वर चालवतो, त्यांची बेरीज करून रंगाच्या पासने गुणतो, वर चकाकीचे पास मिळवतो. अक्षरं डिनॉइझरच्या हाती लागतच नाहीत.

एक अडचण आहे. कार्डावर प्लास्टिकचं आवरण तुम्ही वेगळी काचेसारखी पट्टी म्हणून केलं असेल तर त्या मागचा कागद या पासमध्ये येणार नाही. आवरण काढून टाका आणि कार्डाच्याच मटेरिअलला वरून चकाकी द्या.

निळी_पेन्सिल

हो, डिनॉइझर चालू होता. आणि हो, काचेची पट्टीही होती, फार मेहनतीने केली होती. काढली.

आता आजचा निकाल सांगते. पाच माणसं. तीन आणि साडेपाच मीटरच्या मध्ये दोघं, उजवीकडे वाकलेली एक बाई आणि डावीकडे हात वर केलेला एक माणूस, त्याच्या समोरच्या रांगेतून एक डबा काढला आहे. सात मीटरवर ट्रॉली शेल्फला लावून एक आजोबा कार्ड वाचतायत. दहा मीटरच्या पुढे दोघं पाठमोरी. रेलला रंग दिला, कार्डं गटानुसार लावली, झेंड्या दर मीटरला, कंबर ते खांद्याच्या मधे. ७६८० करायची गरज पडली नाही, ३८४० वरच ठेवलं.

आकड्यांसाठी दुसरं चित्र वेगळं केलं. कॅमेरा समोरच्या शेल्फपासून दोन मीटरवर, अगदी सरळ समोर, ३५ मिमी लेन्स. त्यात मीटरभर रुंदीचे दोन खण मावतात आणि कार्ड ११२ पिक्सेल रुंद येतं. कॅमेरा पाठीमागच्या शेल्फला जवळजवळ टेकतो, म्हणून तो शेल्फ फक्त कॅमेऱ्यापासून लपवला. प्रकाश आणि प्रतिबिंबात तो आहेच.

क्लायंटचा फोन आला. विभाग कळले म्हणाले. माणसांबद्दल काहीच बोलले नाहीत, मी ते चांगलं समजतेय. पण काढलेल्या डब्याच्या जागी दिसणारी मोकळी जागा भरा म्हणाले. "आमच्या दुकानात शेल्फ रिकामा दिसता कामा नये."

झपझप

भरू नकोस. तीच जागा त्या माणसाला खरं करतेय.

मालाची_मांडणी

मी त्यांच्या बाजूने आहे, थोडीशी. दुकान चालवणाऱ्याला रिकामी जागा दिसली की माल संपलाय असंच वाटतं, त्याची नजर तशीच तयार झालेली असते. पूर्ण मोकळी ठेवण्यापेक्षा मागचा डबा दिसू द्या, थोडा आत. मग उचललेलंही दिसतं आणि माल आहे हेही दिसतं.

निळी_पेन्सिल

मी शेल्फात मागे फक्त गडद पाट ठेवलाय, खोलीत माल लावलेलाच नाही. त्या एका गटापुरता मागे तीन रांगा लावून बघते.

आणखी एक विचारायचंय. कार्डांवर आकडे कुठले घालू? खरे दर माझ्याकडे नाहीत आणि त्यांनीही दिलेले नाहीत. आत्ता सगळीकडे चाळीस वेगवेगळी कार्डं आलटून पालटून वापरतेय, आकडे मनाने लिहिलेले.

मालाची_मांडणी

मनाने लिहू नका. बैठकीत कुणीतरी तोच आकडा धरून बसतं, हा माल एवढ्याला का दाखवलाय म्हणून. आम्ही नमुना शेल्फ लावायचो तेव्हा सगळ्या कार्डांवर शून्यं छापून घ्यायचो.

पारदर्शक

सगळीकडे शून्यं असली तर समोरून घेतलेल्या चित्रात ते लगेच उघडं पडतं, ११२ पिक्सेलमध्ये ते लपत नाही. माझ्या मते खऱ्यासारखे आकडे ठेवा आणि चित्राच्या कोपऱ्यात "दर नमुन्यादाखल" असं लिहा.

कडेवरचा_प्रकाश

गल्लीच्या चित्रात काहीही चालेल, तिथे तीन मीटरपुढे वाचता येतच नाही. समोरच्या चित्रासाठी मी क्लायंटला लेखी विचारेन. दोन्ही बाजूंची अडचण खरी आहे आणि यात माझं एक ठाम मत नाही.

निळी_पेन्सिल

विचारलं आहे. उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर मागच्या तीन रांगांचं रेंडर लावते, आणि वाकलेल्या बाईचा हात ट्रॉलीच्या दांड्यात घुसलाय असं आत्ता दिसलं. दांडा मी एक मीटरवर ठेवलाय, ती वाकल्यावर हात त्यावर नीट बसत नाही. बहुतेक ट्रॉली अर्धा मीटर मागे सरकवून हात मोकळाच ठेवावा लागेल.

मालाची_मांडणी

मोकळाच ठेवा. वाकलेलं माणूस तो हात शेल्फच्या कडेवर टेकवतं.